फोटो राहिला बरं का!

प्रिय राजा,

तुझा मेसेज मिळाला. तू लिहिलंस, "मावशी, गॅलरीत दोरीला घरटं लटकलंय. कोणाचं आहे? फोटो बघ आणि सांग."

सगळं वाचलं. पण फोटो आला नाही. नुसते शब्द आले.

तुझं काही चुकलं नाही हं. कधी कधी फोटो मागेच राहतो. मोठ्या माणसांचाही राहतो.

आता तू एकच काम कर. आईला म्हण, "आई, घरट्याचा फोटो मावशीला परत पाठवूया."

बस्स. एवढंच.

नवीन फोटो काढायला जाऊ नकोस. तू काढलेला फोटो आईच्या फोनमध्ये आहे, तोच मला हवा. घरट्याजवळ सारखं कोणी गेलं, की पक्षी घाबरतो. मग तो घरटं सोडूनही जातो. म्हणून तू खोलीतूनच बघ.

तुला वाटेल, मावशीला इतके पक्षी माहीत आहेत, मग फोटो कशाला?

सांगते. लटकणारं घरटं एकच पक्षी करत नाही. सुगरण करते, शिंजीरही करतो. दोघांची घरटी लटकतात, पण दिसतात अगदी वेगळी.

सुगरणीचं घरटं गवताचं असतं. ते विणलेलं असतं, छान घट्ट. खाली लांब नळी असते. त्या नळीतून पक्षी वर आत जातो. हे घरटं विणतो कोण, माहीत आहे? बाबा पक्षी! एकेक पात चोचीत धरतो आणि विणत बसतो. अशी घरटी बहुतेक पावसाळ्यात होतात, शेताजवळ नाहीतर विहिरीवरच्या झाडाला. एका झाडाला खूप घरटी असतात.

शिंजीर इवलासा असतो. तुझ्या मुठीत मावेल एवढा! त्याची चोच बारीक आणि वाकडी असते. ती फुलात घालून तो गोड रस पितो. त्याचं घरटं आई पक्षी बांधते. ती कोळ्याचं जाळं आणते, वाळलेलं गवत आणते, झाडाच्या सालीचे तुकडे आणते. जाळं चिकट असतं ना, त्यानेच सगळं चिकटतं. बाहेरून बघितलं तर वाटतं, अरे, हा तर कचरा अडकलाय! पण आत मऊ मऊ कापूस असतो. बाजूला एक गोल दार असतं आणि दारावर छोटंसं छप्पर. असं घरटं ती घराजवळही बांधते. कधी वेलीला, कधी वायरला, कधी कपड्यांच्या दोरीला.

तुझं घरटं दोरीला आहे. आत्ता मार्च आहे, पाऊस नाही. म्हणून मला शिंजीर वाटतोय. पण नुसतं वाटून चालत नाही. बघितल्याशिवाय मी "हो, शिंजीरच!" असं म्हणणार नाही. तू शाळेत मित्रांना सांगशील ना? मग ते बरोबरच हवं.

फोटोत मी आधी दार बघेन. बाजूला दार असेल तर एक पक्षी, खाली नळी असेल तर दुसरा. मग घरटं कशाचं आहे ते बघेन. तू तुझ्या फोटोत हे दोन्ही शोधलंस तरी मला आवडेल. पण ते नंतर. आधी फोटो पाठव.

तुझा फोटो आला, की त्याच दिवशी रात्री जेवणं झाल्यावर मी फोन करेन. नाव सांगेन. त्या पक्ष्याचा आवाजही ऐकवेन, माझ्याकडे आहे.

तुझी,
मावशी

ताई, हे खालचं तुझ्यासाठी.

त्याला स्वतःलाच वाचू दे. एखादा शब्द अडला तरच सांग. फोटो आत्ताच शोधून तू पाठवू नकोस. त्याने येऊन म्हटलं, की फोन त्याच्या हातात दे आणि शेजारी बस. परवा संध्याकाळच्या फोटोंमध्ये असेल बघ. फोटो धूसर असला तरी पाठवा, घरट्याचा आकार कळला तरी मला पुरे. आणि ती दोरी मेपर्यंत तशीच राहू दे. कपडे दुसरीकडे वाळत घाल. पिल्लं असतील, तर उडून जाईपर्यंत कोणी हात लावायला नको.