पहिली आगगाडी, उजवीकडची खिडकी

या छायाचित्रात आमच्या नातीचा चेहरा दिसत नाही. दिसतात त्या तिच्या दोन वेण्या, गजांना टेकलेले कपाळ आणि सीटवर गुडघे टेकून बसल्यामुळे बाहेर आलेले दोन तळवे, ज्यांपैकी एका पायातला मोजा तेव्हाही नव्हता आणि नंतरही सापडला नाही. तिच्या आईने समोरच्या बाकावरून हे छायाचित्र घेतले. चेहरा येईल असे आणखीही दोन-तीन प्रयत्न तिने केले, पण प्रत्येक हाकेला «थांब गं» एवढेच उत्तर मिळाले आणि मान काही वळली नाही. म्हणून अल्बममध्ये हेच लावावे असे ठरले. तिचा पहिला आगगाडीचा प्रवास खरोखर असाच झाला, आम्हा सगळ्यांकडे पाठ करून.

गाडी पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल होती. भाद्रपदातला रविवार, दुपारची वेळ, पावसाची भुरभुर आणि डब्यात बेताचीच गर्दी. लोणावळ्यात आम्हांला काहीही काम नव्हते. तिथे उतरायचे, चहा घ्यायचा आणि मिळेल त्या लोकलने परत यायचे, एवढाच बेत होता. पाहुण्यांकडे जाताना किंवा लग्नाला जाताना मुलाला पहिल्यांदा गाडीत बसवले, तर मोठ्यांचे सारे लक्ष पिशव्यांकडे आणि घड्याळाकडे असते. मूल खिडकीशी काय पाहते आहे, हे कोणाच्याच ध्यानात राहत नाही. म्हणून या खेपेला बरोबर सामान न्यायचे नाही आणि कुठे पोहोचायचेही नाही, असे मी सुनेला आधीच सांगून ठेवले होते.

एक बेत मात्र मी मनाशी केला होता आणि तो पुणे स्थानकातच मोडला. लोणावळ्याकडे जाताना डावी खिडकी धरावी, म्हणजे मळवलीच्या सुमारास विसापूर आणि लोहगड दिसतात, भाज्याच्या लेण्यांचा डोंगर दिसतो, आणि नातीला चार गोष्टी सांगता येतात. त्यासाठी मी डाव्या बाजूच्या खिडकीवर रुमाल टाकला. ती सरळ उजवीकडे गेली, कारण उजवीकडच्या फलाटाला दुसरी गाडी उभी होती आणि त्या गाडीतला एक मुलगा केळे खात होता. रुमाल उचलून मी तिच्यामागे गेलो.

तिकिटाचाही थोडा प्रश्न झाला. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, आणि ती चार वर्षांची आहे. सगळ्यांना मिळाले आणि आपल्यालाच नाही, हे तिला मुळीच पटले नाही, तेव्हा माझे तिकीट तिच्या मुठीत दिले. छायाचित्रात उजव्या हाताच्या बोटांतून जो चुरगळलेला कागदाचा कोपरा बाहेर आला आहे, तो तेच तिकीट आहे.

पहिले आश्चर्य गाडी सुटण्याआधीच घडले. केळे खाणारा मुलगा हळूहळू मागे सरकू लागला, आणि ती ओरडली, «आबा, आपण निघालो!» निघालो नव्हतो, निघाली होती ती पलीकडची गाडी. तिचा शेवटचा डबा सरकून गेला आणि मागचा रिकामा फलाट, त्यावरचा नळ, नळाखाली बाटली धरून उभा असलेला माणूस, सारे जागच्या जागी दिसू लागले, तेव्हा ती आधी माझ्याकडे, मग स्वतःच्या पायांकडे पाहू लागली. साठी उलटलेल्या माणसालाही हा चकवा बसतो, हे मी तिला सांगितले नाही. पुढे आमची गाडी खरोखर हलली, तेव्हा तिने लगेच विश्वास ठेवला नाही. फलाटावरचे खांब एकेक करून मागे जाऊ लागल्यावर मगच तिने मान डोलावली.

शिवाजीनगरच्या आधी संगमाजवळ मुठा लागते आणि खडकीनंतर दापोडीच्या पुलाखाली मुळा. दोन्ही नद्या त्या दिवशी गढूळ आणि भरलेल्या होत्या. पाणी तिने पाहिले खरे, पण तिला पकडून ठेवले ते आवाजाने. जमिनीवर चाकांचा एक ठरलेला नाद चालू असतो आणि पूल लागताच तो पोकळ, मोठा होतो. पूल संपला की पुन्हा पहिल्यासारखा. मुठेवर ती दचकली. मुळेवर मात्र नदी दिसताच तिने दोन्ही कान आधीच झाकून घेतले, आणि आवाज बदलल्यावर हात काढून हसली. मला आतापर्यंत पूल म्हणजे दोन काठ जोडणारी सोय एवढेच वाटत आले होते, आणि या मार्गावरून मी नोकरीच्या काळात किती वेळा गेलो असेन याची गणतीच नाही.

पिंपरी-चिंचवडची वस्ती विरळ झाल्यावर तिने तारांचा शोध लावला. उजव्या खिडकीची ही देणगी, कारण गाडी डाव्या रुळावरून जात असल्याने येणाऱ्या गाड्यांचा रूळ आणि त्याच्या वरच्या विजेच्या तारा त्याच बाजूला असतात. दोन खांबांच्या मध्ये वरची तार झोक्यासारखी खाली येते आणि खांबाशी पुन्हा वर चढते. धावत्या गाडीतून पाहिले की तार जणू श्वास घेत असल्याचा भास होतो. नात बोटाने हवेत तिची वरखाली चाल रेखत होती, आणि गाडीचा वेग वाढला की बोटही भरभर चालत होते. आकुर्डीपासून देहूरोडपर्यंत हेच चालले होते. स्थानकात गाडी थांबली, तार थांबली, बोटही हवेतच थांबले, आणि गाडी सुटेपर्यंत तिने हात खाली घेतला नाही.

तळेगावच्या पुढे मावळातली भातखाचरे सुरू झाली. हिरवा रंग, मधले बांध, त्यावर उभे बगळे, पाण्यात बसलेल्या म्हशी, हे सारे सुंदर आहे असे मी दोनदा म्हणालो, पण सुंदर असण्याशी तिला काही कर्तव्य दिसले नाही. तिचा प्रश्न वेगळाच होता. रुळाजवळची झुडपे इतकी वेगाने मागे पळत होती की त्यांची पाने वेगळी दिसत नव्हती. शेतातली म्हैस सावकाश मागे जात होती. आणि कार्ल्याच्या बाजूचा, ढगांत डोके घातलेला डोंगर मात्र जागचा हलत नव्हता. «डोंगर आपल्याबरोबर येतोय का?» मी म्हणालो, येत नाही, तो फार लांब आहे म्हणून तसे वाटते. तिने थोडा वेळ विचार केला आणि डबा फिरवून बघावा तशी मान तिरकी करून पुन्हा पाहिले. मग म्हणाली, «म्हैस मधे आहे म्हणून मधलं पळते.» जवळचे भरभर, दूरचे सावकाश, अतिदूरचे स्थिर, हा नियम आम्हांला शाळेत फळ्यावर आकृती काढून सांगितला होता, तिला तो कामशेतच्या अलीकडे एका म्हशीने शिकवला.

पावसाची भुरभुर चालूच होती. आडव्या गजाच्या खालच्या बाजूला थेंबांची रांग धरली होती, आणि वाऱ्याने ते थेंब गजावरून मागे मागे सरकत, एकमेकांत मिसळून मोठे होत आणि शेवटी तिच्या बाहीवर पडत होते. गाडी थांबली की थेंब थांबत. तिने एका थेंबाला बोटाने अडवले, तो बोटाला वळसा घालून पुढे गेला. हात गजाच्या बाहेर काढायचा नाही, अशी सक्त ताकीद दिली होती आणि ती तिने पाळली. पण गजावरचे बोट आत धरायचे की बाहेर, यावर आमचा थोडा वाद झाला. कपाळावर गजाचा जो आडवा लाल ठसा उमटला, तो घरी पोहोचेपर्यंत टिकला.

समोरून येणारी एक्स्प्रेस याच टप्प्यात गेली. काहीही सूचना नसताना एकदम मोठा धडाका झाला, वाऱ्याचा झोत आत आला, आणि खिडकीबाहेर जग नाहीसे होऊन निळे-पांढरे पट्टे उरले. ती मागे सरून आईला चिकटली. दोन डब्यांच्या मधल्या फटीतून शेताचा हिरवा तुकडा क्षणभर चमकत होता आणि जात होता. तिने आईच्या ओढणीतून एका डोळ्याने ते पाहिले. गाडी गेली, शेत परत आले, आणि तिची पहिली मागणी होती, «परत.» रेल्वेत असे मागून मिळत नाही, हे समजावण्यात मळवली येऊन गेली. डावीकडे लोहगड त्या वेळी दिसत असणार.

एका फाटकाशी मोटारसायकलींची रांग थांबली होती. आपण जाणार म्हणून इतकी माणसे थांबली आहेत, ही गोष्ट तिला फारच गंभीर वाटली असावी, कारण तिने हात हलवला नाही. नुसते प्रत्येकाकडे पाहत राहिली. रेनकोट घातलेल्या एका बाईंनी मात्र तिला हात केला.

लोणावळ्याबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. चहा घेतला, चिक्की घेतली. फलाटावर उभे राहून घाट चढून आलेल्या एका गाडीच्या मागची इंजिने तिला दाखवली. कर्जतपासून वर येताना दर 37 मीटरला 1 मीटर असा चढ आहे, म्हणून मागून ढकलायला जादा इंजिने लावतात, त्यांना रेल्वेवाले बँकर म्हणतात. पुणे ते खंडाळा हा मार्ग 1858 साली सुरू झाला, पण घाटातले काम 1863 साली पुरे झाले. मधली पाच वर्षे उतारूंना घाट रुळांशिवायच ओलांडावा लागे. हे सारे मी सांगितले आणि तिने ऐकूनही घेतले. नंतर विचारले, «आता खिडकी कधी?»

परतीला ती पुन्हा उजवीकडेच बसली, कारण गाड्या उजवीकडूनच येतात हे तिने एव्हाना ताडले होते. दिशा उलटली असल्यामुळे आता त्याच बाजूला किल्ले होते, आणि ही जुळणी मी तिला मुद्दाम सांगितली नाही. 2025 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेला लोहगड तिला आपसूक दिसेल, या आनंदात मी चष्मा पुसून तयार बसलो. मळवलीला मधल्या रुळावर मालगाडी उभी होती. ती आमची सगळी खिडकी व्यापून राहिली, आणि नातीने डबे मोजायला घेतले: चौदा, पंधरा, सोळा, एकोणीस, वीस, मग पुन्हा अकरा. शेवटच्या डब्यात गार्ड हिरवे झेंडे काखेत धरून डबा खात बसले होते. या वेळी मात्र तिने हात केला, आणि त्यांनी पोळीचा हात वर करून उत्तर दिले.

छायाचित्र : तिची आई. पुणे–लोणावळा लोकल, देहूरोड आणि तळेगाव यांच्या दरम्यान.