कथेत पडणारा पाऊस आणि पाडलेला पाऊस

आमच्या कोल्हापुरातल्या कथावाचनाच्या बैठकीत गेल्या महिन्यात एक कथा वाचली गेली. गंगावेशीत एकटी राहणारी बाई, पुण्याला गेलेला मुलगा, त्याचा न येणारा फोन. कथेत पाऊस चार वेळा येतो. वाचन संपल्यावर एक जण म्हणाला, "पावसाचं सूत्र शेवटपर्यंत छान धरलंय." लेखिकेला बरं वाटलं. मला काहीतरी खटकत होतं, पण तेव्हा ते नेमकं सांगता आलं नाही. ते इथे सांगतो. कथा चांगली आहे, आणि चांगल्या कथेचंच असं बारकाईनं बघावंसं वाटतं.

पहिला पाऊस मुलगा घर सोडतो तेव्हाचा: आभाळ दाटलेलं, अंगणात चिखल. दुसरा, फोन लागत नाही तेव्हा खिडकीच्या गजांवरून ओघळणारा. तिसरा, ती रात्री रडते तेव्हा बाहेर मुसळधार. चौथ्या वेळी सुतारवाड्यात पाणी शिरल्याची बातमी येते, शेजारची पोरं सामान माळ्यावर चढवायला धावतात, आणि ही बाई सगळ्यांत आधी मुलाची जुनी ट्रंक वर देते. तांदळाचं पोतं खालीच राहतं आणि भिजतं.

मी घरी येऊन पहिल्या तीन पावसांच्या जागी मार्चचं कोरडं ऊन घालून वाचलं. काहीच बिघडलं नाही. मुलगा तसाच गेला, फोन तसाच लागला नाही, बाई तशीच रडली. चौथ्या ठिकाणी ऊन घालताच कथा कोसळली. ट्रंक कशासाठी उचलायची आणि पोतं का भिजायचं? पहिले तीन पाऊस बाईच्या मनाचा रंग आभाळाला लावतात. इंग्रज समीक्षक जॉन रस्किननं 1856 मध्ये निसर्गावर माणसाच्या भावना लादण्याच्या या सवयीला 'पॅथेटिक फॅलसी' असं नाव दिलं होतं. चौथा पाऊस मात्र तिला निवड करायला लावतो. तिनं आधी काय उचललं यावरून ती आपल्याला कळते.

पण एवढ्यावर भागत नाही. पाऊस चारदा आला म्हणून सूत्र झालं, हे म्हणणं आमच्या गावात तर फारच धोक्याचं. जुलैतल्या कोल्हापूरची कथा लिहायची तर पाऊस येणारच. मृग, आर्द्रा, मग तरणा, मग म्हातारा, अशी इथे पावसाची वयंसुद्धा ठरलेली. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की घराघरात एकच प्रश्न: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. इथल्या कथेत पावसाचे दहा उल्लेख सापडले, तरी त्यावरून लेखकाला काही सांगायचंय असं म्हणता येत नाही. तो नुसता खरं लिहीत असेल. त्यामुळे उल्लेख मोजण्याआधी एक गोष्ट विचारावी लागते: त्या गावात, त्या महिन्यात हे हवामान असतंच का? जे असतंच, ते अर्थ म्हणून उभं करायला लेखकाला जास्तीचं काहीतरी करावं लागतं.

ते जास्तीचं म्हणजे काय, हे मला हेमिंग्वेच्या 'अ फेअरवेल टू आर्म्स' या 1929 च्या कादंबरीत सगळ्यांत स्पष्ट दिसलं. पहिल्याच प्रकरणाच्या शेवटी हिवाळ्याबरोबर पाऊस येतो आणि पावसाबरोबर कॉलरा. तेव्हा ती युद्धातली एक बातमी वाटते. पुढे मिलानमध्ये रात्री पाऊस पडत असताना कॅथरीन सांगते की तिला पावसाची भीती वाटते, कारण कधी कधी त्यात ती स्वतःला मेलेली बघते. इथून पुढे पाऊस वाचकाचाही होतो. सैन्याची माघार पावसाच्या चिखलात होते. शेवटी कॅथरीन मरते आणि नायक पावसातून हॉटेलकडे चालत जातो.

एवढंच असतं, तर मीही म्हटलं असतं की पाऊस म्हणजे मरण, हिशोब सोपा. पण मधे एक जागा आहे जी तो हिशोब मोडते. दोघं वादळी पावसाच्या रात्री होडीतून निघतात, आणि वारा त्यांना स्वित्झर्लंडकडे ढकलत नेतो. सकाळी तिथे बारीक पाऊस लागतो आणि तीच कॅथरीन त्या पावसाला आनंदी पाऊस म्हणते. मग हिवाळाभर डोंगरात बर्फ. ते दोघं सुखी असतात आणि मरणाचा पाऊस दिसेनासा होतो. मार्चमध्ये पाऊस सुरू होतो, बर्फ वितळतो, ते डोंगर सोडून लोझानला उतरतात. त्या वेळी वाईट काही घडलेलं नाही, तरी वाचक धास्तावतो. माझ्या मते खऱ्या सूत्राची सगळ्यांत पक्की खूण हीच. मधे ते उलटं फिरून गेलेलं असतं, काही काळ गप्प राहिलेलं असतं, आणि परत येतं तेव्हा आधीच्या प्रत्येक वेळेचं ओझं घेऊन येतं. लेखिकेच्या पहिल्या तीन पावसांना मागचं काहीच आठवत नाही. प्रत्येक पाऊस नव्यानं पडतो.

आता एक अवघड उदाहरण. 'बनगरवाडी' (1955) मध्ये गाव घाम गाळून तालीम बांधतं, आणि नंतर पाऊस दगा देतो. धनगर मेंढरं घेऊन निघून जातात, वाडी ओस पडते. माणदेशातला हा दुष्काळ कथेत नसता तर शेवटच घडला नसता, म्हणजे माझ्या पहिल्या कसोटीला तो उतरतो. तरीही मी त्याला फिरफिरून येणारं सूत्र म्हणणार नाही. तो घटनेचं कारण आहे, आणि कारण म्हणून त्याची ताकद प्रचंड आहे. प्रत्येक जोरकस हवामानाला प्रतीक करायची घाई झाली की मेंढरांना चारा नाही ही साधी, भीषण गोष्ट बाजूला पडते. व्यंकटेश माडगूळकरांनी ती बाजूला पडू दिली नाही. दुष्काळाला दुष्काळच राहू दिलं, याचा मला फार आदर वाटतो.

सजावटीचा पाऊस वाईटच असतो, असंही नाही. एखाद्या ओळीत पत्र्यावर थेंब वाजले की खोली उभी राहते, आणि तेवढं काम पुरेसं असतं. माझी हरकत समीक्षेत त्या थेंबांना सूत्राचा मान देण्याला आहे, कारण मग चौथ्या पावसानं केलेलं मोठं काम त्यांच्याच रांगेत बसतं.

हे सगळं मी लेखिकेला पंचगंगा घाटावर भेटून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, आमच्या घरात भिंतीवर 2019 च्या पाण्याची खूण अजून आहे. रंग दिला तरी ओलीची रेघ वर येते." कथेत ती का नाही, असं मी विचारलं. "ती तर रोजचीच," ती म्हणाली.

परवा तिनं नवी सुरुवात वाचून दाखवली. त्यात पाऊस नाही, मे महिन्याचं ऊन आहे. मुलगा निघताना बूट घालायला भिंतीला टेकतो. पुराची रेघ त्याच्या खांद्याच्या वर आहे, आणि आईचं लक्ष त्याच्याकडे नाही, त्या रेघेकडे आहे.