वॉरफेरिन सुरू करताना: घरी नीट वाचायचं पत्र

ताई, नमस्कार.

काल ओपीडीत मी भराभर सांगत होतो आणि तुम्ही मान डोलावत होतात, पण पायाच्या शिरेत रक्ताची गाठ आहे हे ऐकल्यावर पुढचं निम्मं कुणाच्याच डोक्यात राहत नाही, म्हणून लिहून देतोय. घरातल्यांनाही वाचायला द्या.

वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी. ५ एमजीची, रोज एकच, रात्री ८ वाजता. रात्रीच का, तर आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या आकड्याची टेस्ट सकाळी होते, रिपोर्ट बघून डोस बदलायचा असेल तर त्याच दिवशी तुम्हाला फोन करता येतो. आठला विसरलात आणि झोपताना आठवलं तर घेऊन टाका. दुसऱ्या दिवशी आठवलं तर ती सोडून द्या, डायरीत लिहा आणि रात्री नेहमीची एकच घ्या. भरपाई म्हणून दोन गोळ्या कधीच नाही. गोळीचा पूर्ण परिणाम यायला पाच-सहा दिवस जातात, तोवर पोटावरची इंजेक्शनं चालूच, ती बंद कधी करायची ते मी सांगेन. आपल्याला आयएनआर २ ते ३ च्या मधे हवाय.

आता खाणं. पालेभाजी बंद करायची का, हे सगळेच विचारतात. नाही! पालक, कोबी, ब्रोकोलीत व्हिटॅमिन के असतं आणि ही गोळी त्याच्याच विरुद्ध काम करते, त्यामुळे भाजी एकदम वाढली की आयएनआर खाली येतो, एकदम बंद केली की वर जातो. आत्ता जेवढी खाता तेवढीच खात राहा, मी डोस त्या हिशोबाने बसवेन. उलट्या-जुलाब झाले, दोन दिवस जेवण गेलं नाही, किंवा कडक उपास धरायचा विचार असेल तर आधी कळवा. दारू नको.

दुखलं म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन आणून घेऊ नका, आणि काढे-चूर्णंसुद्धा मला विचारून. कुणीही नवीन औषध दिलं, विशेषतः अँटिबायोटिक, तर वॉरफेरिन चालू आहे हे आधी सांगा, दातांच्या डॉक्टरांनाही. तुम्ही सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं?

ब्रश करताना जरासं रक्त दिसलं, इंजेक्शनच्या जागी छोटा निळा डाग आला तर घाबरू नका, पुढच्या वेळी सांगा. पण नाकातलं रक्त दहा मिनिटं दाबून धरूनही थांबत नाही, लघवी लाल, पाळीत नेहमीपेक्षा खूप जास्त जातंय, न लागता मोठे डाग उठतायत, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी फाइलवरच्या नंबरवर फोन. संडास डांबरासारखी काळी झाली, रक्ताची उलटी झाली, अचानक भयंकर डोकं दुखलं, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले, किंवा एकदम दम लागून छातीत दुखलं, तर फोन करत बसू नका, सरळ कॅज्युअल्टीत जा. डोक्याला मार लागला तरी तसंच, वरून काही दिसत नसलं आणि बरं वाटत असलं तरीही.

शुक्रवारी सकाळी टेस्टला या, उपाशीपोटी यायची गरज नाही. डायरी आणि गोळ्यांचं पाकीट दोन्ही आणा, पाकिटावरचे एमजी मी स्वतः बघतो.

तुमचा,
हिमॅटॉलॉजीचा डॉक्टर