साताऱ्याचं तिकीट

सुनंदानं विश्रामबागेत भाड्यानं खोली बघितली, हे विलासला त्या खोलीच्या मालकाकडून कळलं. "उद्या नऊला येताय न्हवं? वहिनींनी वीस हजार दिलेत, उरलेल्या डिपॉझिटचं तेवढं बघू," असं तो फोनवर अगदी सहज बोलला. विलासनं हो म्हटलं, फोन ठेवला आणि मग जे बोलायला सुरुवात केली ते थांबवणं त्याच्या हातात राहिलं नाही.

वीस हजार बचत गटातून उचललेले होते. त्याला न विचारता. सूर्यवंशी प्लॉटातलं स्वतःचं घर असताना.

आता तो सांगली स्टेशनच्या बाकावर बसला होता. खिशात साताऱ्याचं जनरलचं तिकीट, पिशवीत एक सदरा आणि टॉवेल. महालक्ष्मी पाऊण तास उशिरा होती. म्हणजे साताऱ्याला उतरेपर्यंत एक वाजणार. स्टेशन तिकडं माहुलीला, गावापासून लांब. रिक्षा मिळाली तर अक्काचं दार दीडच्या सुमाराला वाजवायचं. त्या वेळी दार उघडणारा माणूस आधी विचारणार, काय झालं?

म्हणून तो उत्तराची तयारी करत होता.

'अक्का, हिनं मला न विचारता खोली घेतली.' सुरुवात बरी होती. खरी होती. त्यापुढं अण्णांचं घर सांगायचं. अण्णा हरिपूरच्या पेवांत हळद भरायला जायचे. जमिनीखाली उतरून राबायचं आणि वर आले की अंगाचा पिवळा रंग साबणानंही जायचा नाही. त्या मजुरीतून त्यांनी चार गुंठ्यांचा तुकडा घेतला आणि दोन खोल्या बांधल्या. अक्काला हे सांगायची गरज नव्हती, तीही त्याच घरात वाढली होती. पण सांगताना बळ येतं.

२००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं. घरातही शिरलं. पाणी ओसरल्यावर अण्णांनी भिंतीवर खिळ्यानं एक रेघ ओढली आणि म्हणाले, "ह्याच्यावर कृष्णामाई येत न्हाई." ही रेघ विलासनं रंगकाम काढलं तेव्हाही बुजू दिली नव्हती. ते घर सोडून भाड्याच्या खोलीत जायचं? अक्का इथं नक्की म्हणेल, बरोबर हाय तुझं.

म्हणेल का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ह्याच रेघेच्या भरवशावर त्यानं घर सोडलं नव्हतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४५ फुटांना, धोक्याच्या खुणेला, टेकली तेव्हा गल्ली रिकामी झाली. हा म्हणाला, बघू. पाणी ५७ फुटांवर गेलं. रेघ तर पहिल्या दिवशीच बुडाली. आई, सुनंदा, लहानगी अश्विनी आणि तो असे चौघं स्लॅबवर ताडपत्रीखाली दोन रात्री होते. आईचं अंग तापलेलं. प्यायचं पाणी एका कळशीत राहिलेलं. सुनंदा ते भांड्यानं मोजून द्यायची, आधी आईला, मग पोरीला, मग त्याला. स्वतः ती कधी प्याली, हे त्यानं तेव्हा बघितलं नाही. बोट आली तेव्हा आईला पाठुंगळी घेऊन सुनंदाच जिन्याच्या बुडालेल्या पायऱ्यांवर उतरली, कारण बोटवाल्याला दोर बांधून द्यायला विलास खाली उभा होता. पुढं महिनाभर घरातला गाळ तिनं काढला. २०२१ ला तोच गाळ पुन्हा काढला. ह्या दोन्ही वेळी ती त्याला एक शब्द बोलली नव्हती, आणि त्यानं त्याचा अर्थ तिला पटलंय असा घेतला होता.

हे अक्काला ठाऊक होतं. आईला बोटीतून आणल्यावर पाणी उतरेपर्यंत आई अक्काकडंच होती.

शेजारच्या बाकावर पोरांचं एक टोळकं भडंगाची पुडी फोडून बसलं होतं. मालगाडी न थांबता निघून गेली आणि पत्र्याखालची सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली. विलासनं मोबाईल काढला. गल्लीच्या ग्रुपवर रोजच्यासारखा मेसेज होता: कोयनेतून विसर्ग वाढवला. आयर्विन २८ फूट. खाली कुणीतरी हात जोडले होते.

सांगलीतल्या माणसाला परगावचा पाहुणा पावसाळ्यात सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारतो. अक्काही दारातच विचारणार, पाणी किती?

अठ्ठावीस.

आणि तू हितं?

ह्याला त्याच्याकडं उत्तर नव्हतं. त्यानं आणखी एकदा जुळवून बघितलं. भांडणापासून सुरुवात करू, पाण्याचं मागनं सांगू. पण भांडणापासून सुरुवात केली की अक्का म्हणणार, तू काय बोललास ते सांग. लहानपणापासून तिची हीच रीत. समोरच्यानं काय केलं ते ती ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, आता तुझं सांग.

तो म्हणाला होता, "घर माझ्या बापाचं हाय. तुझ्या बापानं काय दिलंय? पटत नसंल तर तू निघ."

अश्विनी पुस्तक घेऊन तिथंच बसली होती. सुनंदानं कणीक मळता मळता हात थांबवले आणि एवढंच विचारलं, "मी निघू?" तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारल्यासारखं तिनं विचारलं. मग तोच पिशवी घेऊन निघाला.

हे वाक्य वगळून अक्काला सांगता येईल अशी गोष्ट त्याला जुळेना. वगळलं की सुनंदा का गप्प झाली ते कळत नव्हतं, तो का निघाला ते कळत नव्हतं, आणि रात्री दीड वाजता मार्केट यार्डातला एक पोक्त दिवाणजी बहिणीच्या दारात का उभा आहे, हे तर अजिबातच कळत नव्हतं. सौद्याच्या वहीत एक आकडा गाळला की खालची बेरीज चुकतेच. वीस वर्षं तो हेच काम करत होता.

घर सोडावं असं त्याला अजूनही वाटत नव्हतं. भाड्याच्या खोलीच्या विचारानं पोटात तुटत होतं. पण ते वाक्य अण्णांच्या घरासाठी बोललेलं नव्हतं. अण्णा आईला असं कधी बोलले नव्हते.

भोंग्यातून गाडी फलाटावर येत असल्याचं सांगितलं. पोरं उठली. विलास उठला आणि जिन्याकडं चालायला लागला, गर्दीच्या उलट. चालता चालता त्यानं फोन लावला. बराच वेळ वाजला.

"बोला."

"गाडीत बसलो न्हाई. येतोय."

पलीकडं काहीतरी सरकवल्याचा आवाज आला.

"काय करालीस?"

"धान्याचे डबे माळ्यावर टाकतोय. आशू वर हाय, मी खालनं देतोय. पाणी वाढालंय."

"थांबा जरा, मी येतो. त्या वजनाला हात लावू नको." तो थांबला. गाडी मागं धडधडत आत येत होती, म्हणून त्याला मोठ्यानं बोलावं लागलं. "सुनंदा, ते मी बोललो ते…"

"फोनवर नको."

"बरं."

"आशूसमोर बोललाय. तिच्यासमोरच काय ते बोला."

"बोलतो." त्यानं जिन्याचा कठडा धरला. "आणि उद्या नऊला खोली बघायला मी येतो. बघतो म्हणालोय फक्त. घेऊ म्हणालो न्हाई."

"बघा तर आधी. दुसरा मजला हाय," सुनंदा म्हणाली, आणि मग वरच्या पोरीला, "धर गं, ज्वारीचा हाय, जड हाय."