संपादकांस स. न. वि. वि.

अहो संपादक,

हो, आज 'अहो'. एरवी 'अरे' असतोस, पण गणपती गेल्यापासून इतका दुर्मीळ झाला आहेस की थोडा मान द्यावासा वाटला.

डबा घेऊन पोरगा वर आला तेव्हा तू मान वर न करता 'आम्ही काही मागवलेलं नाही' म्हणाला असशील. बरोबर आहे. मागवलं नाहीसच. मी पाठवलंय. त्याला ताटकळत ठेवू नकोस, बिचाऱ्याला लक्ष्मी रोडच्या दिवाळीच्या गर्दीतून परत जायचंय. पैसे दिलेत.

आता आधी लाल पेन खाली ठेव. आणि कानावर अडकवलेलं दुसरं, तेही. चष्मा कपाळावर असेल, तो तिथेच राहू दे. तसा तू मला फार आवडतोस. हे आधीही सांगितलंय, पण तेव्हा तू अनुक्रमणिका बघत होतास.

डब्यात काय आहे ते सांगते, म्हणजे प्रूफ कुठे सरकवायचं ते ठरवता येईल. वरच्या पुडात भरली वांगी. बाजारात तासभर निवडून आणलेली, लहान, काटेरी, देठासकट. दाण्याचं कूट, सुकं खोबरं, गोडा मसाला, चिंच-गूळ, आणि तुझ्यासाठी तिखट जरा चढंच. तेल सुटलंय. अगदी देखणं सुटलंय. म्हणून शेवटच्या फर्म्याची सोळा पानं पलीकडच्या टेबलावर ठेव. तेराव्या फर्म्यावर तेलाचा डाग पडला तर तू मला माफ करशील, पण छापखाना करणार नाही. खाली फडक्यात ज्वारीच्या भाकरी आहेत. एक जरा वेडीवाकडी झालीय, कारण ती थापताना मी तुझा विचार करत होते. बाकीच्या गोल आहेत. त्या वेळी मी जाहिरातदारांचा विचार करत होते. बाटलीत सोलकढी आहे, हलवून घे. ठेचा छोट्या डबीत. बेताने खा, नंतर कोणाच्या तरी जवळ यायचंय तुला.

आणि बटर पेपरात एक नारळाची वडी आहे. तिचा एक कोपरा खाल्लेला दिसेल. तो मी खाल्लाय. चोरून नव्हे, मुद्दाम. तिथूनच सुरुवात कर.

खरं सांगू का, मला या अंकाचा मत्सर वाटायला लागलाय. दोनशे आठ पानं, एकेका पानावरून तू तीन-तीनदा नजर फिरवतोस. सावकाश, बोट ठेवून. कुठे काना सुटलाय का, कुठे वेलांटी उलटी पडलीय का. जुन्या फॉन्टमधून युनिकोडात आणताना त्या कथेतले रफार उडाले, तर जेवण सोडून रात्रभर एकेक रफार शोधून जागेवर बसवत होतास. इतक्या निगुतीने माझ्याकडे शेवटचं कधी पाहिलंस? मी नवीन मोरपिशी साडी नेसून तुझ्यासमोरून दोन फेऱ्या मारल्या, तर म्हणालास, 'छान. मुखपृष्ठाला हाच निळा हवा होता.' त्यात हिरवाही होता रे, राजा. पण असो. मुखपृष्ठ सुंदर झालंय, हे मात्र मान्य.

परवाचं तर तुला माहीतही नसेल. झोपेत माझ्या कमरेवर हात टाकलास आणि अगदी स्पष्ट म्हणालास, 'इथे स्वल्पविराम हवा.' मी काहीच हरकत घेतली नाही. स्वल्प कशाला, चांगला पूर्णविराम घे म्हटलं, तिथेच. तर कूस बदलून घोरायला लागलास.

कोणीही पाहुणे आले की तू सांगतोस ना, 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला फराळाबरोबर वाचनाची चटक लावली? तू ते सांगतोस तेव्हा तुझे डोळे असे चमकतात की मी दर वेळी पहिल्यांदाच ऐकतेय असं दाखवते. पण हल्ली रात्री अकराला एकटीने गादीवर पसरताना माझ्या मनात त्या थोर गृहस्थांबद्दल जे येतं, ते छापण्याजोगं नाही.

तेव्हा मीही एक साहित्य पाठवते आहे, तुझ्या विचारार्थ. अप्रकाशित आहे, इतरत्र कुठेही पाठवलेलं नाही, आणि स्वतंत्र आहे याची ग्वाही देते. विषय: आज रात्री. लांबी: तुझ्या दमावर अवलंबून. 'साभार परत' चालणार नाही. 'जागेअभावी पुढील अंकात' तर मुळीच नाही. जागा भरपूर आहे, तुझी बाजू रिकामीच पडलीय. मानधन आगाऊ घेते मी, ओठांवर, आणि तुझ्या लेखकांसारखी फेब्रुवारीपर्यंत वाट बघत बसणार नाही. संस्कार करायचे असतील तर जरूर कर, पण काटछाट नको. मजकूर मुळातच आटोपशीर आहे, तुला ठाऊकच आहे.

आई विचारत होत्या, एवढी वांगी कुणासाठी? म्हटलं, कार्यालयात पाठवतेय. त्यावर त्यांनी काही न बोलता स्वतःच्या हाताने भाकरीवर लोणी घातलं आणि म्हणाल्या, 'चिठ्ठीबिठ्ठी घाल हो आत, तो नुसतं खाऊन टाकेल.' तुझ्या आईला तू किती कळतोस बघ. मी लगेच लिहायला बसले, पण त्यांना वाचायला दिलेली नाही. तूही कुणाला देऊ नकोस. विशेषतः तुझ्या त्या उपसंपादकाला. तो सवयीने माझं शुद्धलेखन तपासेल आणि मग मला आयुष्यभर त्याच्या नजरेला नजर देता येणार नाही.

काम आहे ते नीट कर. घाई करून राशिभविष्यात कर्केच्या जागी कन्या बसवू नकोस, निम्मं पुणं तुला फोन करेल. फाइल एकदा छापखान्यात गेली की मात्र तिथे 'एकदाच बघतो' म्हणून थांबायचं नाही. वसुबारसेच्या आत अंक स्टॉलवर लागेल, चुकाही सापडतील, लोक त्या पोस्टकार्डावर लिहून कळवतील आणि तू त्यांना अतिशय नम्र उत्तरं पाठवशील. ते सगळं नंतर.

आज दार आतून लावलेलं नाही, फक्त ओढून घेतलंय. किल्ली शोधत खुडबुड करू नकोस, आई जाग्या होतील. मी झोपलेली दिसेन. विश्वास ठेवू नकोस.

तुझी,
गौरी

ता. क. खालच्या पिशवीत चार भाकरी आणि वेगळ्या डब्यात पिठलं आहे, ते तुझ्या माणसांसाठी. त्यांना उपाशी ठेवून तू एकटा वांगी खात बसशील तर घास घशाखाली उतरणार नाही, हे मला माहीत आहे. वांग्यांतलं मात्र कोणाला द्यायचं नाही. आणि डबे धुऊन आण, झाकणासकट. मागच्या आठवड्यातलं निळं झाकण अजून तुझ्याच टेबलाखाली आहे, टाचण्या ठेवायला घेतलंयस तू ते. मला दिसलं होतं.