मधोमध भार दिलेल्या पोलादी तुळईचा विक्षेप: मोजमाप आणि सिद्धांत यांची तुलना

प्रयोगाचे स्थळ: संरचना यांत्रिकी प्रयोगशाळा, बडोदा

उद्देश

दोन्ही टोकांना साधा आधार असलेल्या तुळईच्या मध्यावर भार वाढवत नेऊन तिथला विक्षेप मोजणे, आणि ऑयलर-बर्नुली सिद्धांताने मिळणाऱ्या किमतीशी तो ताडून पाहणे.

साहित्य व मांडणी

तुळई म्हणून शहरातल्या लोखंडाच्या दुकानातून आणलेली २५ × ६ मिमी मापाची माइल्ड स्टीलची पट्टी घेतली. आधारांमधील अंतर ८०० मिमी ठेवले. मध्यावर हँगर अडकवला आणि ०.०१ मिमी लघुतम मापाचे दोन डायल गेज लावले: एक मध्यावर, दुसरा आधारापासून २०० मिमीवर. हँगर अडकवल्यानंतरच काटे शून्यावर आणल्यामुळे पट्टीचे व हँगरचे स्वतःचे वजन हिशेबात धरावे लागले नाही. छताच्या पंख्यामुळे काटा थरथरत होता, म्हणून वाचन घेताना पंखा बंद ठेवला.

सैद्धांतिक किंमत

मध्यावरील विक्षेपाचे सूत्र δ = PL³/48EI असे आहे. E ची किंमत आयएस ८०० मधील २०० गिगापास्कल धरली. पहिल्या हिशेबात आम्ही पट्टीची जाडी दुकानदाराने सांगितली तशी ६ मिमी घेतली, आणि मोजलेला विक्षेप सिद्धांतापेक्षा सुमारे १० टक्के जास्त दिसू लागला. तेव्हा डायल गेजवर संशय घेण्याआधी मायक्रोमीटरने पट्टीची जाडी सहा ठिकाणी मोजली. ती ५.७९ ते ५.८५ मिमी, सरासरी ५.८२ मिमी भरली. रुंदी २५.१ मिमी आली. जाडी केवळ ३ टक्क्यांनी कमी असली तरी मोमेंट ऑफ इनर्शियामध्ये तिचा घन येत असल्याने I ४५० वरून ४१२.३ मिमी⁴ इतका उतरतो, आणि त्या १० टक्क्यांचा बहुतेक उलगडा इथेच होतो. खालील सैद्धांतिक किमती मोजलेल्या मापांवरून काढल्या आहेत.

निरीक्षणे (मध्यावरील विक्षेप, मिमी)

| भार (किग्रॅ) | सिद्धांत | पहिली फेरी, भार चढवताना | पहिली फेरी, भार उतरवताना | दुसरी फेरी, भार चढवताना |
|---|---|---|---|---|
| ०.५ | ०.६३ | ०.६६ | ०.६९ | ०.६४ |
| १.० | १.२७ | १.३० | १.३३ | १.२७ |
| १.५ | १.९० | १.९३ | १.९६ | १.९१ |
| २.० | २.५४ | २.५७ | २.५९ | २.५५ |
| २.५ | ३.१७ | ३.२१ | ३.२१ | ३.१९ |

पहिल्या फेरीत सर्व भार काढल्यावर काटा शून्यावर न येता ०.०३ मिमीवर थांबला.

चर्चा

पहिल्या फेरीतील टक्केवारी पाहिली तर सर्वांत लहान भाराला ४ टक्के आणि सर्वांत मोठ्या भाराला १ टक्का असा फरक दिसतो, आणि भार वाढला की सिद्धांत जास्त खरा ठरतो असा समज होऊ शकतो. तो चुकीचा आहे. प्रत्यक्षात फरक प्रत्येक भाराला ०.०३ ते ०.०४ मिमी इतकाच, म्हणजे जवळपास स्थिर आहे. पाच बिंदूंमधून काढलेली सरळ रेषा उगमबिंदूतून न जाता ०.०२ मिमी वरून जाते, आणि भार उतरवल्यावर उरलेला ०.०३ मिमी याच्याशी जुळतो. पट्टी पहिल्यांदा भार पडताच आधारांवर किंचित बसली आणि ते बसणे परत आले नाही, असा आम्ही याचा अर्थ लावतो. काटा पुन्हा शून्यावर आणून घेतलेल्या दुसऱ्या फेरीत ही रेषा जवळजवळ उगमबिंदूतूनच जाते, त्यामुळे या अर्थाला बळ मिळते. यापुढे पहिली फेरी केवळ पट्टी बसवण्यासाठी घ्यावी आणि तिची वाचने तुलनेत धरू नयेत, असे आमचे मत आहे.

दुसऱ्या फेरीच्या रेषेचा उतार ०.१३०१ मिमी प्रति न्यूटन, तर सिद्धांताचा ०.१२९३ आहे; फरक ०.६ टक्के. या जुळणीचे फार कौतुक करता येणार नाही. संपूर्ण पट्टीची जाडी ५.७९ मिमी धरली तर सैद्धांतिक विक्षेप १.६ टक्क्यांनी वाढतो. E २०५ गिगापास्कल धरला तर तो २.४ टक्क्यांनी घटतो, आणि या पट्टीचा E आम्ही स्वतंत्रपणे तपासलेला नाही. उताराच्या आधारे उलट हिशेब केला तर E १९९ गिगापास्कल येतो, परंतु त्यात जाडीची सगळी अनिश्चितता मिसळलेली आहे. कर्तनामुळे होणारा विक्षेप एकूणाच्या ०.०२ टक्क्यांहूनही कमी असल्याने तो सोडून दिला.

आमच्या मते यापेक्षा अधिक विश्वासार्ह कसोटी दुसऱ्या डायल गेजने दिली. मध्यावर भार असताना पाव अंतरावरील विक्षेप मध्यावरील विक्षेपाच्या ११/१६ पट, म्हणजे ०.६८७५ पट असावा लागतो, आणि या गुणोत्तरात E व I दोन्ही कटून जातात. दुसऱ्या फेरीत २.५ किग्रॅ भाराला पाव अंतरावर २.१९ मिमी वाचन मिळाले. त्यावरून गुणोत्तर ०.६८७ येते, आणि ०.०१ मिमीच्या लघुतम मापाने याहून बारीक फरक दिसणे शक्य नाही.

निष्कर्ष

२.५ किग्रॅपर्यंत विक्षेप भाराच्या समप्रमाणात राहिला आणि वाकलेल्या पट्टीचा आकार सिद्धांताप्रमाणे आढळला. या भाराला पट्टीतील कमाल ताण सुमारे ३५ मेगापास्कल, म्हणजे स्थितिस्थापक मर्यादेच्या बराच खाली होता. विक्षेपाची प्रत्यक्ष किंमत मोजलेली जाडी वापरल्यास, आणि तीही सुमारे २ टक्क्यांच्या अनिश्चिततेसह, सिद्धांताशी जुळते.