प्रश्न ३. हायपोडर्मिक नीडल प्रारूप व मर्यादित परिणाम सिद्धांत स्पष्ट करा. अभ्यासक त्यांच्यापुढे का गेले? (१० गुण)

उत्तर : माध्यमाचा संदेश इंजेक्शनसारखा थेट मनात टोचला जातो आणि सर्वांवर सारखाच, तात्काळ परिणाम करतो, ही हायपोडर्मिक नीडल प्रारूपाची धारणा. यात प्रेक्षक निष्क्रिय व एकाकी मानला आहे. पहिल्या महायुद्धातील प्रचाराचा धसका आणि रेडिओ-सिनेमाचा झपाट्याने झालेला प्रसार यांमुळे ही समजूत बळावली. हॅरॉल्ड लासवेल यांच्या १९२७च्या युद्धप्रचारावरील अभ्यासाशी ती जोडली जाते; पण लासवेल यांचे विवेचन इतके ढोबळ नव्हते. पुढच्या संशोधकांनी खोडून काढायला सोपे जावे म्हणून हे प्रारूप असे बाळबोध करून ठेवले, हा आक्षेप मला रास्त वाटतो.

३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत मंगळवासीयांच्या हल्ल्याचे नभोनाट्य ऐकून काही श्रोते घाबरले. हे उदाहरण या प्रारूपाच्या बाजूने नेहमी दिले जाते. प्रत्यक्षात हॅडली कँट्रिल यांना आढळले की अनेकांनी दुसरे स्टेशन लावून वा अन्य मार्गाने खातरजमा केली व ते घाबरले नाहीत. सुई एकच, पण परिणाम वेगवेगळा.

खरा धक्का १९४०च्या अध्यक्षीय निवडणुकीने दिला. लाझार्सफेल्ड, बेरेलसन व गोडे यांनी ओहायोतील ईरी काउंटीत त्याच त्या मतदारांच्या मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या. प्रचारामुळे एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे गेलेले मतदार फारच थोडे निघाले. बहुतेकांचे आधीचेच मत पक्के झाले. लोक आपल्या मताला जुळणारे तेवढेच वाचत-ऐकत होते, आणि वृत्तपत्र-रेडिओतील विचार मतनेत्यांमार्फत, म्हणजे ज्यांच्या मताला आसपासचे लोक मान देतात अशांमार्फत, इतरांपर्यंत पोहोचत होते. हाच द्विस्तरीय प्रवाह. १९६०मध्ये जोसेफ क्लॅपर यांनी मांडले की माध्यमे सहसा मत बदलत नाहीत, असलेले दृढ करतात. हाच मर्यादित परिणाम सिद्धांत.

आपल्या गोव्याचा १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल येथे बोलका आहे. ‘गोमन्तक’ महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने, तर ‘राष्ट्रमत’ विरोधात. दोन्ही मराठीच दैनिके. कौल ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरणाविरुद्ध गेला. मराठी वाचणारा प्रत्येक जण मराठी दैनिकाच्या शब्दावर हलला असता, तर कोणत्या दैनिकाच्या? पक्ष, जात, धर्म, भाषा, गावातली वजनदार माणसे हे सारे मध्ये उभे होते.

तरीही अभ्यासक मर्यादित परिणामांवर थांबले नाहीत, कारण त्या सिद्धांताचे माप अपुरे होते. काही महिन्यांच्या प्रचारात मत बदलले का, एवढेच त्यात मोजले जाई. मॅककोम्ब्स व शॉ यांनी १९७२मध्ये वेगळा प्रश्न विचारला : लोकांना कोणते मुद्दे महत्त्वाचे वाटतात, हे कोण ठरवते? गर्बनर यांनी वर्षानुवर्षे टीव्ही पाहणाऱ्यांची जगाविषयीची कल्पना तपासली, तर उपयोग व परितोष दृष्टिकोनाने लोक माध्यमांचे काय करतात हे पाहिले. विलीनीकरणाच्या वादातही दोन्ही दैनिकांनी मते किती फिरवली हे सांगणे अवघड. पण हाच प्रश्न त्यांनी रोज पहिल्या पानावर जागता ठेवला. ही ताकद ईरीच्या प्रश्नावलीत मावणारी नव्हती.